‘पासून’, ‘म्हणजे?’ आणि ‘येत नाही’: मुलाखतीसाठी तीन इंग्रजी वाक्यं

कारखान्यांच्या भरती विभागात बरीच वर्षं काढल्यामुळे मुलाखतीच्या टेबलाची पलीकडची बाजू मला चांगली ठाऊक आहे. मराठी माध्यमातून शिकलेली मुलं-मुली समोर बसली की त्यांचं इंग्रजी कुठे अडणार, हे हळूहळू आधीच कळायला लागतं. पाठ करून आणलेली ओळख चाळीस सेकंदांत संपते, तिथवर सगळं सुरळीत असतं. खरी गाडी अडते ती पुढे, तीन ठरलेल्या जागी. एक म्हणजे ‘मी इतक्या वर्षांपासून काम करतोय’ हे सांगताना. दुसरी, प्रश्न नीट कळला नाही आणि मनात ‘म्हणजे?’ उमटलं, तेव्हा. तिसरी, विचारलेली गोष्ट ‘मला येत नाही’ हे सांगताना.

‘पासून’, ‘म्हणजे’ आणि ‘येत नाही’ हे तिन्ही शब्द मराठीत अगदी बिनचूक काम करतात. तेच शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेले की घोटाळा होतो. म्हणून या लेखात तीन वाक्यांचे तीन सांगाडे दिले आहेत. प्रत्येकात एक रिकामी जागा आहे आणि ती तुमच्या कामातल्या शब्दांनी भरायची आहे. ही वाक्यं तोंडाने बोलायची असल्यामुळे इथे देवनागरीतच लिहिली आहेत. वाचताना मोठ्याने वाचा.

उदाहरण माझ्या भाचीचं घेते. बी.कॉम. झाल्यावर जून 2023 मध्ये ती सांगलीत एका हळद व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेबाच्या कामाला लागली. ऑगस्ट 2025 मध्ये चाकणच्या एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागातून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. हातात पाच दिवस होते. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “मावशी, मला सगळं कळतं गं, पण बोलायला गेलं की जीभ अडखळते.”

आधी रिकाम्या जागा भरून घ्या

वाक्यांना हात लावण्याआधी मी तिला एका कागदावर मराठीत लिहायला लावलं, की पेढीवर सकाळी गेल्यापासून संध्याकाळपर्यंत ती काय काय करते. तिने लिहिलं: खरेदीची बिलं टॅलीत चढवते, महिन्याला बँकेचं स्टेटमेंट आणि आमची वही जुळवते, कोणत्या व्यापाऱ्याकडून किती येणं आहे त्याची यादी काढते, जीएसटीच्या रिटर्नसाठी आकडे काढून सीएकडे पाठवते.

मग प्रत्येक ओळीपुढे ऑफिसात त्या कामाला काय म्हणतात ते लिहिलं: पर्चेस एंट्री, बँक रिकन्सिलिएशन, डेटर्स लिस्ट, जीएसटी डेटा. लिहिता लिहिता ती थांबली आणि म्हणाली, “अगं, हे सगळं इंग्रजीच आहे की!” आहेच. कामाची नावं तुम्ही रोज इंग्रजीतच घेता, मग तुम्ही वेल्डर असा, नर्स असा नाहीतर गोदाम सांभाळत असा. कमी पडतो तो त्या नावांना जोडणारा धागा, आणि तो या तीन सांगाड्यांत आहे.

तुम्हीही अशा चार-पाच ओळी लिहा. कामाची खरी नावंच लिहा. जाहिरातीत वाचलेले भारदस्त शब्द तिथे नकोत. जे काम केलंच नाही त्याचं नाव कागदावर आलं, तर ते तोंडातही येतं आणि पुढचा प्रश्न नेमका त्यावरच पडतो.

पहिलं वाक्य: ‘आय हॅव बीन वर्किंग…’

‘मी जून 2023 पासून इथे काम करते आहे.’ याचं आपण पटकन करतो: ‘आय ॲम वर्किंग हिअर फ्रॉम जून 2023.’ वाक्याची जात मराठीच आहे. ‘करते आहे’चं ‘ॲम वर्किंग’ झालं आणि ‘पासून’चं ‘फ्रॉम’.

आपल्याकडचा मुलाखतकार हे समजून घेतो. त्याच्याही घरी तसंच बोलत असतील. पण कॉलवर परदेशातला साहेब असेल, तर ‘आय ॲम वर्किंग हिअर फ्रॉम जून’ याचा त्याला चक्क भविष्यकाळ वाटू शकतो, म्हणजे येत्या जूनपासून कामाला लागणार असा. अनुभव किती, एवढाच प्रश्न होता आणि उत्तराने तोच गोंधळात पडला.

भूतकाळात सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीसाठी इंग्रजीत वेगळा साचा आहे:

‘आय हॅव बीन वर्किंग ॲज ॲन अकाउंट्स असिस्टंट फॉर टू इयर्स.’

‘आय हॅव बीन वर्किंग ॲज ॲन अकाउंट्स असिस्टंट सिन्स जून 2023.’

अर्थ दोन्हींचा जवळपास एकच. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ येतं, ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘जूनपासून’. इंग्रजीत मात्र या दोन ‘पासून’ना दोन वेगळे शब्द आहेत आणि चूक नेमकी तिथे होते. ओळखायचं कसं? मी भाचीला भिंतीवरचं कालनिर्णय दाखवलं. ज्या वेळेवर कॅलेंडरात बोट ठेवता येतं, तिथे ‘सिन्स’: सिन्स जून, सिन्स मंडे, सिन्स 2023. जी वेळ बोटांवर मोजावी लागते, तिथे ‘फॉर’: फॉर टू इयर्स, फॉर सिक्स मंथ्स. ‘सिन्स टू इयर्स’ म्हटलं की कॅलेंडरात ‘दोन वर्षं’ शोधायला गेल्यासारखं होतं.

मुलाखतकाराच्या प्रश्नातही खूण असते. ‘हाउ लाँग हॅव यू बीन देअर?’ असं विचारलं तर त्याला मोजलेला काळ हवा आहे, तेव्हा उत्तरात ‘फॉर’ आणा. ‘सिन्स व्हेन?’ विचारलं तर त्याला सुरुवातीची तारीख हवी आहे, तेव्हा ‘सिन्स’.

मग ‘फ्रॉम’ कुठे वापरायचं? सोडून दिलेल्या नोकरीसाठी, आणि तेही ‘टू’च्या जोडीने: ‘आय वर्क्ड देअर फ्रॉम जून 2021 टू मे 2023.’ आधीची नोकरी संपली असेल तर तिथे ‘हॅव बीन’ नको, साधा भूतकाळ हवा. उलट, आत्ता चालू असलेल्या नोकरीबद्दल ‘आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स’ म्हणालात, तर समोरच्याला वाटतं की तुम्ही ती सोडलीत. मग तो हमखास विचारतो, “का सोडली?” आणि न सोडलेल्या नोकरीचं कारण शोधताना उमेदवाराला घाम फुटतो. हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलं आहे.

‘वर्किंग’च्या जागी तुमच्या कागदावरचं कामही बसतं. भाचीने केलेली वाक्यं अशी: ‘आय हॅव बीन हँडलिंग पर्चेस एंट्रीज फॉर टू इयर्स.’ ‘आय हॅव बीन डूइंग बँक रिकन्सिलिएशन सिन्स जॅन्युअरी 2024.’ दुसरं वाक्य मला जास्त आवडलं. पहिल्या सहा महिन्यांनी मालकाने बँकेचं काम तिच्यावर सोपवलं, हे त्यातून आपोआप कळतं.

एक क्रियापद मात्र या साच्यात बसत नाही. ‘मला टॅली दोन वर्षांपासून माहीत आहे’ यासाठी ‘आय हॅव बीन नोइंग टॅली’ म्हणू नका, आणि ‘आय ॲम नोइंग’ तर नकोच. माहीत असणं ही करायची कृती नाही, ती स्थिती आहे, आणि अशा क्रियापदाला इंग्रजीत ‘इंग’ लागत नाही. सरळ ‘आय हॅव बीन यूजिंग टॅली फॉर टू इयर्स’ म्हणा. जी वापरते तिला ती येतेच.

आता उच्चार. इथे दोन गोष्टी सांभाळा. घाईत ‘हॅव’ गिळला जातो आणि ‘आय बीन वर्किंग’ एवढंच ऐकू येतं. ‘हॅव’ हळू म्हटला तरी चालेल, पण तो निघाला पाहिजे. दुसरी गोष्ट ‘इयर्स’मधल्या शेवटच्या अक्षराची. मराठीत ‘एक वर्ष’ आणि ‘दोन वर्षं’ यांच्यात फरक फक्त एका अनुस्वाराचा, आणि बोलताना तोही अनेकदा विरतो. त्याच सवयीने आपण ‘टू इयर’ आणि ‘सिक्स मंथ’ म्हणून मोकळे होतो. ‘इयर्स’चा शेवट ‘आज’ या शब्दातल्या ‘ज’सारखा मऊ असतो. तेवढं लक्षात ठेवून पाच वेळा म्हणा.

अजून कुठे नोकरी केलीच नसेल तर हाच साचा शिकण्याला लावा: ‘आय हॅव बीन लर्निंग टॅली सिन्स मार्च.’ नोकरी शोधतोय हे याच साच्यात सांगता येतं, पण आपणहून सांगायची गरज नाही. ते समोर दिसतंच आहे.

दुसरं वाक्य: ‘सॉरी, डू यू मीन…?’

प्रश्न अर्धाच कळला की मराठीत आपण सहज म्हणतो, “म्हणजे?” मुलाखतीत त्याचं होतं ‘मीन्स?’ इंग्रजीत असा एकटा ‘मीन्स’ प्रश्न म्हणून उभाच राहू शकत नाही. काहींना तर प्रत्येक उत्तराची सुरुवात ‘मीन्स…’ने करायची सवय असते, जशी मराठीत ‘म्हणजे काय, की…’ अशी असते. ती सवय सुटायला दोन दिवस लागतात, पण सुटते.

त्याहून धोक्याचं आहे ‘तुम्हाला काय म्हणायचंय?’चं सरळ भाषांतर: ‘व्हॉट डू यू मीन?’ व्याकरण अगदी शुद्ध, पण सूर जरा जरी चुकला तरी ते ‘काय म्हणायचंय काय तुम्हाला?’ असं भांडणाच्या तोंडावर आल्यासारखं ऐकू येतं. ‘डू यू मीन टू से…’ हेही त्याच रांगेतलं. ‘म्हणजे तुमचं म्हणणं असं, की मी…’ असा त्याचा झणका असतो.

बरेच क्लासवाले शिकवतात, ‘कॅन यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?’ वाक्य सभ्य आहे, पण माझ्या मते निम्मंच उपयोगी. नीट ऐकू आलं नसेल तर ठीक. पण ऐकू आलं आणि कळलं नाही, तर मुलाखतकार तेच शब्द त्याच वेगाने पुन्हा म्हणतो आणि तुम्ही जिथे होतात तिथेच राहता. तिसऱ्यांदा विचारण्याची मग सोय उरत नाही.

म्हणून सांगाडा असा घ्या: ‘सॉरी, डू यू मीन अमुक, ऑर तमुक?’ म्हणजे ‘तुम्ही हे विचारताय, की ते?’ यात प्रश्नातला जेवढा भाग तुम्हाला कळला तेवढा तुम्ही परत करता. समोरच्याला दिसतं की ही व्यक्ती विषयातली आहे, आणि त्याला फक्त एक पर्याय निवडायचा उरतो.

हिशेबाच्या कामातलं उदाहरण बघा. मुलाखतकार म्हणतो, ‘टेल मी अबाउट युअर क्लोजिंग वर्क.’ क्लोजिंग दोन प्रकारचं असतं, महिनाअखेरचं आणि 31 मार्चचं वर्षअखेरचं. दोन्हीची कामं वेगळी. उगाच एक धरून बोलत सुटण्यापेक्षा: ‘सॉरी, डू यू मीन द मंथ-एंड क्लोजिंग, ऑर द इयर-एंड क्लोजिंग?’ हा प्रश्न ज्याला विचारावासा वाटतो त्याने क्लोजिंग केलेलं आहे, हे मुलाखतकाराला न सांगता कळतं.

पगाराच्या बोलण्यात तर हे वाक्य हवंच. ‘व्हॉट इज युअर करंट सॅलरी?’ यावर काही जण हातात पडणारा महिन्याचा आकडा सांगतात आणि समोरचा तो कंपनीचा एकूण खर्च धरून चालतो. पीएफ वगैरे कापून हाती येतं ते ‘इन-हँड’, आणि कंपनी तुमच्यावर वर्षाला जे सगळं मिळून खर्च करते ते ‘सीटीसी’. दोन्हींत बरंच अंतर असतं. तेव्हा आकडा सांगण्याआधी: ‘सॉरी, डू यू मीन सीटीसी ऑर इन-हँड?’

सुराची काळजी करू नका, तो मराठीतून तसाच उचला. ‘चहा घेणार, की कॉफी?’ म्हणताना ‘चहा’वर आवाज चढतो आणि ‘कॉफी’वर उतरतो. ‘मंथ-एंड’वर चढवा, ‘इयर-एंड’वर उतरवा. ‘सॉरी’ छोटा आणि हलका ठेवा, माफी मागितल्यासारखा लांबवू नका. आणि ‘डू’ विसरू नका. मराठीत प्रश्नाचं ‘का’ शेवटी येतं, त्यामुळे सुरुवातीला काही लावायचं भान राहत नाही आणि ‘यू आर मीनिंग…?’ असं काहीतरी निघतं. ‘डू यू मीन’ हे तीन शब्द एकाच श्वासात, एकच शब्द असल्यासारखे म्हणा.

या वाक्याला मर्यादा आहे. ते निम्मं कळलेल्या प्रश्नासाठी आहे. प्रश्नाचं शेपूटही हाती लागलं नसेल, तर अंदाजाने दोन पर्याय टाकू नका, ते फारच विचित्र दिसतं. तेव्हा सांगा: ‘सॉरी, आय डिड नॉट फॉलो. कुड यू पुट इट अनदर वे?’ म्हणजे तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचाराल का. कॉलवर आवाजच तुटला असेल तर ‘सॉरी, आय कुड नॉट हिअर यू’ म्हणा, कारण तिथे दोष तुमच्या समजुतीचा नाही, नेटवर्कचा आहे आणि तो तसाच सांगावा. आणि ‘डू यू मीन’ एका मुलाखतीत दोनदा पुरे. चौथ्यांदा आलं की लक्षात येतं, हा वेळ काढतोय.

तिसरं वाक्य: ‘आय हॅव नॉट यूज्ड… बट आय हॅव यूज्ड…’

भाचीला सगळ्यात जास्त भीती होती ती सॅपची. चाकणच्या कारखान्यात हिशेब सॅपवर चालतो, असं जाहिरातीतच लिहिलं होतं. पेढीवर टॅली. “सॅप येतं का विचारलं तर काय सांगू? मला येत नाही ना.”

‘येत नाही’ हे मराठीत किती सोयीचं! पोहता येत नाही, गाडी येत नाही, सॅप येत नाही. इंग्रजीत हे ‘येणं’ चालत नाही. मग ‘आय डोन्ट नो सॅप’ असं निघतं, नाहीतर नुसतं ‘नो सर’. दोन्ही खरं आहे, पण दोन्हींनी दार लागतं आणि पुढे शांतता पसरते. ती शांतता मोडायला उमेदवार घाईने जोडतो, ‘बट आय ॲम अ क्विक लर्नर.’ हे वाक्य पलीकडच्या बाजूला बसून मी इतक्यांदा ऐकलं आहे, की ते कानापर्यंत पोचतच नाही. पुढे काय होईल याचं वचन कुणीही देऊ शकतं. आधी काय झालं, ते सांगता आलं पाहिजे.

सांगाडा असा: ‘आय हॅव नॉट यूज्ड सॅप, बट आय हॅव यूज्ड टॅली फॉर टू इयर्स.’ पहिल्या अर्ध्यात सरळ कबुली, दुसऱ्यात त्याच्या शेजारचं, प्रत्यक्ष केलेलं काम. शेजार जवळचा हवा. ‘सॅप नाही, पण एक्सेल येतं’ हे जरा लांबचं झालं. ‘सॅप नाही, पण टॅली’ हे जवळचं, कारण दोन्हीकडे बिलं चढतात, लेजर बघावं लागतं, महिना बंद करावा लागतो. जमलं तर त्या जवळिकीचं एक वाक्य पुढे जोडा: ‘आय हॅव डन पर्चेस एंट्रीज, बँक रिकन्सिलिएशन अँड जीएसटी डेटा इन टॅली.’

‘यूज्ड’च्या जागी इतर क्रियापदंही येतात. लेथवर काम केलेला ऑपरेटर म्हणेल, ‘आय हॅव नॉट वर्क्ड ऑन अ व्हीएमसी, बट आय हॅव वर्क्ड ऑन अ सीएनसी लेथ.’ वॉर्डात काम केलेली नर्स म्हणेल, ‘आय हॅव नॉट वर्क्ड इन ॲन आयसीयू, बट आय हॅव वर्क्ड इन अ सर्जिकल वॉर्ड.’

उच्चाराची सगळ्यात महागात पडणारी चूक या वाक्यात आहे. पुस्तकात ‘हॅव नॉट’चं ‘हॅवन्ट’ असं छोटं रूप दिलेलं असतं. त्यातला शेवटचा ‘ट’ अगदी पुसट, आणि घाबरलेल्या तोंडातून तो निघतच नाही. मग ‘आय हॅवन्ट यूज्ड सॅप’चं समोरच्याला ऐकू येतं ‘आय हॅव यूज्ड सॅप’. अर्थ पार उलटा झाला, तुमच्या नकळत! त्यामुळे इथे छोटं रूप टाळा. ‘हॅव नॉट’ असे दोन शब्द सुटे म्हणा आणि ‘नॉट’वर जोर द्या.

‘यूज्ड’चा ‘ज’ही ‘आज’मधला, ‘आजी’मधला नव्हे. शेवटी ‘ड’ लगेच जोडायचा, ‘यूजेड’ असं फोडायचं नाही. ‘वर्क्ड’ बोलताना ‘वर्क्ट’सारखं ऐकू येतं, ‘वर्केड’ नाही. आणि ‘यूज्ड’च्या मागे चुकून ‘टू’ चिकटला, तर ‘आय यूज्ड टू…’ म्हणजे ‘पूर्वी मी असं करायचे, आता नाही’ असा वेगळाच अर्थ होतो.

आता एक सापळा. मुलाखतकार नकारातून विचारतो: ‘सो, यू हॅव नॉट यूज्ड सॅप, राइट?’ मराठीत आपण त्याच्या म्हणण्याला होकार देतो: “हो, नाही वापरलं.” इंग्रजीत त्याचं होतं ‘येस’. पण इंग्रजीत ‘येस’ किंवा ‘नो’ समोरच्याच्या म्हणण्याशी जुळवत नाहीत, ते घडलेल्या गोष्टीशी जुळवतात. वापरलं नसेल तर ‘नो, आय हॅव नॉट.’ वापरलं असेल तर ‘येस, आय हॅव.’ नुसतं ‘येस’ म्हणालात तर समोरचा गोंधळतो. हे डोक्यात घोळत असेल तर ‘येस-नो’ गाळा आणि सांगाड्याचं अख्खं वाक्यच म्हणा. त्यात गैरसमजाला जागाच नसते.

थोडं वाढवून सांगावं का, हाही प्रश्न भाचीने विचारला. मैत्रिणीने व्हिडिओ बघून दोन शब्द पाठ करायला सांगितले होते. मी तिला म्हटलं, सॅपमध्ये प्रत्येक कामाच्या स्क्रीनला एक कोड असतो. पुरवठादाराचं बिल चढवायला लोक `FB60` टाकतात. समोरचा एवढंच विचारेल, ‘व्हिच टी-कोड डिड यू यूज?’ रोज वापरणाऱ्याच्या बोटांतून ते आपोआप येतं, न वापरणारा छताकडे बघतो. आणि पाठ करून कोड सांगितलास, तर पुढचा प्रश्न त्या स्क्रीनवर काय काय भरतात याचा असेल.

पाच दिवसांचा सराव

पहिला दिवस कागद भरण्यात गेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी प्रत्येक सांगाड्याची पाच-पाच वाक्यं तिने स्वतःच्या कामावरून तयार केली आणि फोनवर रेकॉर्ड केली. रेकॉर्डिंग ऐकताना मी तिला फक्त तीन गोष्टी शोधायला सांगितल्या: ‘हॅव’ ऐकू येतो का, ‘इयर्स’चा शेवट ऐकू येतो का, ‘नॉट’ ऐकू येतो का. बाकी उच्चारांकडे मुद्दाम दुर्लक्ष केलं. सगळंच सुधारायला गेलं की काहीच सुधारत नाही, आणि सांगलीची म्हणून ओळखू आली तर त्यात बिघडलं काय?

चौथ्या दिवशी मी प्रश्न विचारले, पण उलटसुलट क्रमाने आणि तिला पाठमोरी उभी राहून, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरून तिला अंदाज येऊ नये. हे फोनवरच्या मुलाखतीसाठीही चांगलं. घरात इंग्रजी बोलणारं कुणी नसेल तर प्रश्न स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड करा, मध्ये पंधरा सेकंद मोकळे सोडा आणि दुसऱ्या दिवशी त्या मोकळ्या जागेत उत्तर द्या. पाचव्या दिवशी काही नवीन नाही, तीच वाक्यं चालता चालता.

आमच्या सरावातला एक तुकडा जसाच्या तसा देते.

‘हाउ लाँग हॅव यू बीन इन युअर प्रेझेंट जॉब?’

‘आय हॅव बीन वर्किंग ॲज ॲन अकाउंट्स असिस्टंट फॉर टू इयर्स. आय हॅव बीन डूइंग बँक रिकन्सिलिएशन सिन्स जॅन्युअरी 2024.’

‘हाउ डू यू हँडल रिटर्न्स?’

इथे ती थांबली. ‘रिटर्न्स’ म्हणजे जीएसटीचं रिटर्न, की परत आलेला माल? हळदीच्या पेढीवर दोन्ही असतात. मग म्हणाली, ‘सॉरी, डू यू मीन जीएसटी रिटर्न्स, ऑर सेल्स रिटर्न्स?’

‘जीएसटी.’

‘आय हॅव नॉट फाइल्ड द रिटर्न्स, बट आय हॅव प्रिपेअर्ड द डेटा फॉर अवर सीए एव्हरी मंथ.’

हे शेवटचं वाक्य तिने न शिकवता केलं. रिटर्न सीए भरतो, आकडे ती काढते. ‘आय डू जीएसटी रिटर्न्स’ असं ठोकून देता आलं असतं, पण दर महिन्याला भरायच्या रिटर्नांपैकी कोणतं 11 तारखेला आणि कोणतं 20 तारखेला, असा पुढचा प्रश्न आला असता. तारखा तिला माहीत होत्या, कारण सीएचा फोन त्याआधी दोन दिवस पेढीवर वाजायचा. पोर्टलवर भरताना काय दिसतं, ते तिने पाहिलेलं नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी स्वारगेटहून तिचा फोन आला. सॅपचं विचारलं, तिने सांगाड्यातलं वाक्य सांगितलं, आणि त्यावर दहा मिनिटं टॅलीवरच बोलणं झालं. सॅपचं पुन्हा कुणी नावही काढलं नाही. निकाल आठवड्याने कळवणार होते.

“आणि मावशी,” ती म्हणाली, “एकदा ‘मीन्स’ निघालंच गं तोंडातून.”

“मग?”

“मग लगेच ‘सॉरी, डू यू मीन’ म्हटलं. साहेब हसले.”